आधी बोंझूर, मग रस्ता

फेब्रुवारी 2024 मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढण्याची सोय सुरू झाली. त्याच्या आठवडाभर आधी फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉं यांनी 2030 पर्यंत 30,000 भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये शिकायला यावेत असं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. तेव्हापासून माझ्याकडे पुण्यात फ्रेंच शिकायला येणाऱ्यांमध्ये तिकडे जायला निघालेली मुलं आणि त्यांना भेटायला जाणारे आईवडील वाढलेत. व्हिसा, विमा, खोलीचं भाडं यांबद्दल ती मंडळी तयार असतात. पण तिकडून पहिल्या आठवड्यात जो फोन येतो, त्यात एक तक्रार हटकून असते. रस्ता विचारला तर लोक धड उत्तर देत नाहीत, तोंड फिरवतात, नाही तर भलतंच काहीतरी म्हणतात.

साताऱ्याच्या माझ्या एका विद्यार्थ्याचा अनुभव सांगते. तो फ्रान्समधल्या लिऑं शहराच्या पार-दिय स्टेशनवर उतरला. दोन बॅगा, फोनला नेटवर्क नाही, आणि जायचं होतं बेलकूर चौकात. बाकावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. हा जवळ गेला आणि अगदी नम्रपणे, हसून, इंग्रजीत म्हणाला, ‘एक्स्क्यूज मी, बेलकूरला कसं जायचं?’ बाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘बोंझूर’, म्हणजे फ्रेंचमधला नमस्कार. बस्स, एवढंच. याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला. त्या पुन्हा म्हणाल्या, ‘बोंझूर’, या वेळी सावकाश. हा गोंधळून निघून गेला. रात्री मला फोनवर म्हणाला, ‘मॅडम, मी रस्ता विचारत होतो आणि त्या नुसतं बोंझूर बोंझूर करत होत्या.’

त्या बाई त्याला टाळत नव्हत्या. उलट त्याला मदत करायची त्यांची तयारी होती, म्हणूनच त्या दोनदा थांबल्या. त्याच्या बोलण्यातली एक पायरी राहिली होती आणि ती भरून घ्यायची संधी त्या त्याला देत होत्या. ही पायरी नक्की कोणती आणि ती गाळली की समोरच्याला काय वाटतं, ते आपण पाहू.

## हाक आणि ओ

सुरुवात घरापासून करू. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, ‘बंड्या!’ बंड्या ‘ओ’ देतो. मग आई म्हणते, ‘येताना कोथिंबीर घेऊन ये.’ बंड्याने ओ दिली नाही तर आई कोथिंबिरीचं बोलत नाही. ती पुन्हा हाकच मारते, आणखी मोठ्याने. कारण ओ आल्याशिवाय पुढचं बोलणं भिंतीला सांगितल्यासारखं आहे, हे तिला ठाऊक असतं.

बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या जोडीला नाव दिलं आहे. आपण तिला साधं ‘हाक-ओ’ म्हणू. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1968 साली यावर एक लेख लिहिला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्याने टेलिफोनवरच्या संभाषणांच्या सुमारे 500 सुरुवाती तपासल्या. त्यातून त्याला एक साधा नियम दिसला: फोन उचलणारा आधी बोलतो. सगळीकडे हा नियम बसत होता, फक्त एका फोनमध्ये नाही. त्या फोनमध्ये पोलिसांनी कुणाला तरी फोन लावला, पलीकडे रिसीव्हर उचलला गेला, पण आवाज आला नाही. सेकंदभर शांतता. मग फोन करणाऱ्या पोलिसानेच ‘हॅलो’ म्हटलं आणि तेव्हा कुठे पलीकडून उत्तर आलं.

दुसरा कुणी असता तर 500 पैकी एक अपवाद म्हणून सोडून दिला असता. शेग्लॉफने तो सोडला नाही. त्याच्या लक्षात आलं की फोनची घंटा हीच हाक आहे आणि उचलणाऱ्याचा पहिला शब्द ही ओ आहे. त्या एका फोनमध्ये ओ आली नाही, म्हणून पोलिसाने पुन्हा हाक मारली, बंड्याच्या आईसारखीच. कामाचं बोलणं त्याने मध्ये घुसवलं नाही.

अनोळखी माणसाला रस्ता किंवा वेळ विचारतानाही हेच घडतं. आपल्याला वाटतं की आपण एक प्रश्न विचारतो आणि एक उत्तर घेतो. प्रत्यक्षात आधी एक छोटं संभाषण पूर्ण व्हावं लागतं, आणि ते म्हणजे हाक आणि ओ. ओ शब्दाचीच असायला हवी असं नाही. समोरच्याने पावलं थांबवणं, मान वळवणं, भुवया किंचित उचलणं, एवढंही पुरतं. पण ती यायला हवी. माझ्या विद्यार्थ्याने प्रश्न दुसऱ्यांदा मोठ्याने विचारला, ते चुकलं. ओ मिळाली नसताना त्याने कोथिंबिरीचं सांगणं पुन्हा सुरू केलं.

## मग ‘एक्स्क्यूज मी’ ही हाक नाही का?

हा पहिला आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. इंग्रजीत ‘एक्स्क्यूज मी’ हाकेचं काम करतं आणि माफीचंही करतं. फ्रेंचमध्ये त्याला शब्दशः प्रतिशब्द आहे, ‘एक्स्क्यूझे-म्वा’. शिवाय ‘पार्दों’ आहे. मग तो शब्द वापरला की झालं ना?

फरक असा की माफीने हाक पोचते, पण भेट होत नाही. गर्दीत वाट काढतानाही माणूस ‘पार्दों’ म्हणतो, कुणाच्या पायावर पाय पडला तरी ‘पार्दों’ म्हणतो. तेव्हा समोरचा माणूस आपल्यासाठी वाटेतला अडथळा असतो. बोंझूर अडथळ्याला म्हणत नाहीत, माणसाला म्हणतात. फ्रान्समध्ये वाढलेल्या माणसाच्या मनात दोन्हींच्या जागा वेगळ्या आहेत. बोंझूरचा अर्थ होतो, ‘तुम्ही आहात हे मी पाहिलं, आपण आता एकमेकांच्या समोर आहोत.’ त्यानंतर एक्स्क्यूझे-म्वा आलं की अर्थ होतो, ‘आता मी तुमचा थोडा वेळ घेणार आहे.’ आधी भेट, मग त्रास दिल्याची माफी, मग काम, असा तो क्रम आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पॅरिसच्या भर रस्त्यात फ्रेंच माणूस दुसऱ्या फ्रेंच माणसाला ‘पार्दों मस्यू, व्हूझ ओरिये लर?’ म्हणजे ‘माफ करा, आपल्याकडे वेळ असेल का, किती वाजले?’ असं बोंझूरशिवायही विचारतो आणि त्याला उत्तर मिळतं. तिथे ‘मस्यू’ हे आदराचं संबोधन, ‘असेल का’ हे नरम क्रियापद आणि अंगात मुरलेला सूर मिळून बोंझूरची जागा भरून काढतात. परक्या माणसाकडे तो सूर नसतो. म्हणून मी शिकवताना एकच सांगते की रस्त्यात बोंझूर म्हटल्याने काही बिघडत नाही, न म्हटल्याने कधीकधी बिघडतं, आणि दुकानात, बसच्या दारात किंवा स्टेशनच्या खिडकीवर ते न म्हणणं जवळजवळ नेहमीच खटकतं.

ते किती खटकतं, याचं एक जाहीर उदाहरण आहे. 2013 मध्ये नीस शहरातल्या ‘ला पतित सिरा’ या कॅफेने फळ्यावर कॉफीचे तीन दर लावले. नुसतं ‘एक कॉफी’ म्हटलं तर 7 युरो. ‘एक कॉफी, प्लीज’ म्हटलं तर 4.25 युरो. आणि ‘बोंझूर, एक कॉफी, प्लीज’ म्हटलं तर 1.40 युरो. फळा गमतीने लावला होता, पण रोख होता दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने येऊन हुकूम सोडणाऱ्या स्थानिक गिऱ्हाइकांवर. त्या फळ्यावर ‘प्लीज’पेक्षा ‘बोंझूर’ची जागा वरची आहे, हे लक्षात घ्या. आपण लहानपणी प्लीज आणि थँक्यू हे दोन शब्द पाठ केलेले असतात आणि तेवढ्याने काम होईल असं धरून चालतो. फ्रान्समध्ये त्या दोघांच्या आधी तिसरा शब्द येतो.

## पार-दियच्या बाकावर पुन्हा एकदा

आता तोच प्रसंग नीट घडला असता तर कसा घडला असता, ते पायरी पायरीने पाहू.

मुलगा बाकापासून हातभरापेक्षा जास्त अंतरावर थांबतो. बॅगा खाली ठेवतो. हे महत्त्वाचं आहे, कारण चालता चालता विचारलेला प्रश्न हुकमासारखा वाटतो. बाईंकडे बघून म्हणतो, ‘बोंझूर, मादाम.’ आणि थांबतो.

हे थांबणं सगळ्यात कठीण जातं. माझे विद्यार्थी वर्गात बोंझूर म्हणायला शिकतात, पण प्रत्यक्षात ते ‘बोंझूरबेलकूरकुठेय’ असं एका दमात सोडतात. मग बोंझूर हे प्रश्नाला लावलेलं शेपूट होऊन बसतं, समोरच्याला ते परत करायला जागाच उरत नाही. आणि बोंझूर परत करायचं असतं. पोस्टाच्या रजिस्टर पत्राला पोच येते तशी इथे पोच यावी लागते. एक श्वास घेण्याइतकी फट पुरते. तेवढ्यात बाई म्हणतात, ‘बोंझूर.’ ही झाली ओ.

मग मुलगा म्हणतो, ‘एक्स्क्यूझे-म्वा, झ शर्श ला प्लास बेलकूर.’ म्हणजे ‘माफ करा, मी बेलकूर चौक शोधतोय.’ यात प्रश्न नाही, मागणीही नाही. आपली अडचण त्याने समोर ठेवली आहे आणि मदत करायची की नाही हे बाईंवर सोडलं आहे. फ्रेंच फार येत नसेल त्याच्यासाठी हे वाक्य सोन्यासारखं आहे, कारण पुढे फक्त जागेचं नाव बदलायचं. याच्यापुढे फ्रेंच संपलं तर इथे ‘तुम्हाला इंग्रजी येतं का?’ असं विचारलं तरी चालतं. दार आता उघडलेलं असतं.

बाई सांगतात, मेट्रोची बी लाइन घ्या, साक्स-गांबेता स्टेशनला बदला, तिथून डी लाइन, गार द वेझच्या दिशेने, दुसरं स्टेशन बेलकूर. हे ऐकताना मुलाने ‘बी, साक्स-गांबेता, डी’ एवढं पुन्हा म्हणून दाखवावं. चूक असेल तर बाई तिथेच दुरुस्त करतात.

शेवटी ‘मेर्सी मादाम, बॉन झुर्ने’, म्हणजे धन्यवाद, दिवस छान जावो. त्यावर बाईही ‘बॉन झुर्ने’ म्हणतात. जसा बोंझूरने दरवाजा उघडला तसा याने तो लोटून घेतला. नुसतं मेर्सी म्हणून पळालं तर चालतं, पण दरवाजा उघडाच टाकून गेल्यासारखं वाटतं.

हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. त्यातले बोंझूरवर खर्च झालेले सेकंद दोन.

वेळेचा हिशोबही सांगून टाकते, कारण त्यावर प्रश्न येतात. संध्याकाळ झाली की बोंझूरऐवजी बोंस्वार. नेमकी वेळ ठरलेली नाही, साधारण पाच-सहानंतर, आणि हिवाळ्यात अंधार लवकर पडतो तेव्हा थोडं आधी. चुकलं तर कुणी रागावत नाही. त्याच माणसाला तासाभराने पुन्हा गाठावं लागलं तर नुसतं बोंझूर पुन्हा म्हटल्याने तुम्ही त्याला विसरलात असं वाटतं, म्हणून फ्रेंच लोक ‘रबोंझूर’ म्हणतात, ‘पुन्हा एकदा बोंझूर’. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘एवढं लक्षात ठेवतात का ते?’ हो, ठेवतात. भेट झाली आहे की नाही याची नोंद त्यांच्या मनात असते, म्हणून तर ती करायची असते.

## ही भाषेची अढी आहे, असं नाही का?

दुसरा आक्षेप हा. फ्रेंच लोकांना इंग्रजीचा राग आहे, म्हणून ते बोंझूरचा हट्ट धरतात, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. नीसच्या कॅफेचा फळा या आक्षेपाला उत्तर आहे, कारण तो फ्रेंच बोलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीच लावला होता. ओळखीपाळखी नसलेले फ्रेंच लोक आपसातही हेच पाळतात. छोट्या बेकरीत शिरणारा माणूस कधीकधी आत उभ्या असलेल्या सगळ्यांना उद्देशून बोंझूर म्हणतो. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये शिरतानाही म्हणतात.

लिऑंच्याच विद्यापीठात काम केलेल्या कात्रिन केर्ब्रा-ओरेक्कियोनी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फ्रान्समधल्या छोट्या दुकानांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. त्यांचा एक मुद्दा मला फार पटतो. त्यांच्या आधीचे अभ्यासक सभ्यतेकडे जखमेवर फुंकर घालण्यासारखं पाहत होते. मागणी केली की समोरच्याला टोचतं, मग ते टोचणं कमी करायला माफीचे शब्द. त्यांनी दाखवून दिलं की सभ्यतेची दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. काही शब्द टोचणं कमी करत नाहीत, ते समोरच्याला वर काढतात, त्याला मान देतात. मला वाटतं, एक्स्क्यूझे-म्वा पहिल्या जातीचं आहे आणि बोंझूर मादाम दुसऱ्या. म्हणून एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

## लोक एरवी मदत करतातच ना?

करतात, आणि रस्ता व वेळ या बाबतीत तर फार करतात. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये न्यूयॉर्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्याने जाणाऱ्यांना छोट्या छोट्या गोष्टी विचारल्या. वेळ आणि रस्ता सांगणारे शंभरात साधारण 85 निघाले. नुसतं नाव विचारलं तर सांगणारे 40 च्याही आत. दहा सेंट मागितले तर देणारे साधारण एक तृतीयांश.

रस्ता सांगितल्याने सांगणाऱ्याचं काही कमी होत नाही. विहिरीचं पाणी पांथस्थाला नाही म्हणत नाहीत, तसं आहे ते. मग बोंझूर नाही म्हटलं म्हणून उत्तर का अडावं?

कारण प्रश्न कानावर पडायच्या आधीच समोरच्याच्या मनात एक निर्णय झालेला असतो. अनोळखी माणूस आपल्या दिशेने येताना दिसला की आपण सगळेच एक गोष्ट स्वतःला विचारतो: हा काय मागणार आहे? रस्ता मागणार असेल तर 85 जण थांबतील, पैसे मागणार असेल तर पुष्कळसे पाय उचलतील. पण तो काय मागणार हे कळायला त्याचं वाक्य पूर्ण व्हावं लागतं, आणि पाय उचलायचा निर्णय तर पहिल्या शब्दावरच होतो.

पॅरिसमध्ये याला एक खास कंगोरा आहे. साक्रे-कर, लूव्र, आयफेल टॉवर अशा जागी हातात कागदाचा फळा घेऊन सह्या मागणाऱ्या मुली असतात. सही केली की देणगी मागतात, आणि त्या गडबडीत पाकीटही मारलं जातं. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘डू यू स्पीक इंग्लिश?’ या जागी वावरणाऱ्या पॅरिसकराच्या कानाला ते वाक्य सापळ्याची चाहूल देतं. आपला निरागस पर्यटक नेमकं तेच वाक्य घेऊन त्याच्याकडे जातो आणि त्याने हात झटकला की म्हणतो, काय उर्मट लोक आहेत. म्हणून इंग्रजीबद्दलचा प्रश्न बोंझूरच्या नंतर, ओ मिळाल्यावर.

वेळ विचारताना याहून जास्त जपावं लागतं. पूर्वी मनगटावर घड्याळ नसणं स्वाभाविक होतं. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, तेव्हा ‘किती वाजले?’ या प्रश्नाने समोरच्याचा हात आधी स्वतःच्या खिशातला फोन चाचपतो. आपला फोन बंद पडल्याचं त्याला दिसू द्यावं, म्हणजे शंका फिटते. उत्तर बहुतेक वेळा चोवीस तासांच्या घड्याळातलं येतं, दुपारी 2 वाजून 20 मिनिटांना ‘चौदा वाजून वीस’ असं, एवढी तयारी कानाची ठेवावी.

## बोंझूरही कुठे चुकतं

हा शब्द म्हणजे कुठल्याही कुलपाची किल्ली नाही. पॅरिसच्या मेट्रोत शेजारी बसलेल्याला विनाकारण बोंझूर म्हटलं तर तो चमकतो. लहान गावात पायवाटेवर भेटणारा प्रत्येक जण बोंझूर म्हणतो, मोठ्या शहरात कामाशिवाय कुणी म्हणत नाही.

रात्री एकट्या चाललेल्या बाईला पुरुषाने बोंस्वार म्हणून अडवणं तर टाळावंच. रस्त्यात छेड काढणारेही याच शब्दाने सुरुवात करतात, म्हणून तिथे तो शब्द आश्वासक राहत नाही. अशा वेळी दुकान, हॉटेलचं काउंटर, बसची वाट पाहणारा घोळका शोधावा. आणि तरुण मुलीलाही ‘मादाम’च म्हणावं. ‘मादमुआझेल’ हे अविवाहित मुलीसाठीचं संबोधन 2012 मध्ये फ्रान्सच्या सरकारी अर्जांवरून काढून टाकलं गेलं, आणि रस्त्यात अनोळखी पुरुषाच्या तोंडी ते लगट केल्यासारखं वाटतं.

आणि खरी अडचण असेल, कुणी पडलंय, काही पेटलंय, तर नमस्कार-चमत्काराला वेळ नसतो. तिथे सरळ मदतीची हाक.

## मग आपण मराठीत उद्धट आहोत का?

शेवटचा आक्षेप, आणि हा मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. ‘आम्ही पुण्यात कुणाला नमस्कार म्हणून रस्ता विचारत नाही. मग आम्हाला रीत नाही का?’

लक्ष्मी रोडवर उभं राहून ऐका. ‘काका, तुळशीबाग कुठे आली?’ ‘सरळ जा, पुढे डावीकडे.’ संपलं. नमस्कार नाही, धन्यवाद नाही, आणि कुणालाही काही खटकलं नाही. कारण ‘काका’ या शब्दानेच हाक मारली, वयाचा मान दिला, आणि क्षणभर नातं जोडलं. फ्रेंच माणूस अनोळखी माणसाला काका किंवा मामा म्हणत नाही, त्याच्या भाषेत तशी सोयच नाही. म्हणून ते सगळं काम बोंझूर आणि मस्यू या दोघांना मिळून करावं लागतं. आपल्याकडे काका, मावशी, दादा, ताई, भाऊ, गावाकडे आजोबा आणि पाव्हणं, अशी रांगच उभी आहे. माझा विद्यार्थी पार-दियला इंग्रजीत बोलला तेव्हा त्याच्याकडून मावशी सुटली होती आणि मादाम आली नव्हती. तो मधल्या मोकळ्या जागेत उभा होता.

गावाकडे नमस्काराची रीत आहेच. बांधावर बसलेल्या माणसाला ‘राम राम’ म्हटलं की ‘राम राम, कुठनं आलासा?’ येतं, आपण गाव सांगतो, आणि मग वाड्याचा पत्ता मिळतो. तो क्रम फ्रेंच क्रमाच्या फार जवळचा आहे. शहरात मात्र ‘नमस्कार सर, दोन मिनिटं’ ही विमा नाही तर देणगी मागणाऱ्यांची सुरुवात झाली आहे, आणि ती ऐकली की पाय आपोआप वेग घेतात.

लिऑंहून एक मुलगी सहा महिने पुण्यात राहायला आली होती. ती मनापासून प्रत्येकाला दोन्ही हात जोडून ‘नमस्कार’ म्हणायची आणि मग डेक्कनचा रस्ता विचारायची. लोक हात हलवून ‘नको, नको’ म्हणत पुढे जायचे. ती खट्टू होऊन मला म्हणाली, ‘मी तर नीट बोंझूर म्हणतेय.’ मी तिला काका आणि काकू हे शब्द दिले. पहिल्याच दिवशी एक काका तिला चौकापर्यंत सोडायला आले. चौथ्या दिवशी तिने बसस्टॉपवरच्या एका पस्तिशीतल्या बाईंना काकू म्हटलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. वय कसं ओळखायचं, काकू कधी आणि ताई कधी, याचा नियम तिने मला विचारला, आणि मी वीस मिनिटं बोलूनही तो मला नीट सांगता आला नाही. शेवटी आम्ही तिच्यासाठी एक वाक्य निवडलं, ज्याला वय लागत नाही. आता ती जवळ जाते, थांबते, म्हणते, ‘अहो, जरा ऐकता का?’ आणि समोरच्याने मान वळवेपर्यंत पुढचं काही बोलत नाही.